हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लागला तर जीएसटी कसा मोजायचा: बिल हातात घेऊन एकेक पायरी

मी अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या काही छोट्या हॉटेलांची अकाउंट्स बघते, त्यामुळे दिवसभर माझ्यासमोर खोल्यांची आणि रेस्टॉरंटची बिलंच असतात. आणि नातेवाईकांना हे माहीत असल्यामुळे सुट्ट्या लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो यायला लागतात, "हे बरोबर आहे का गं?" म्हणून. दहातल्या सात-आठ फोटोंमध्ये गोंधळ एकाच ठिकाणी असतो, सर्व्हिस चार्ज आणि त्यावर बसलेला जीएसटी. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, जे पहिल्यांदाच बिल तपासायला बसलेत त्यांच्यासाठी, आणि जे नुकतेच हॉटेलच्या काउंटरवर बिलिंगला लागलेत त्यांच्यासाठी पण.

पहिली पायरी: कुठली ओळ टॅक्स आहे आणि कुठली नाही ते ओळखा

बिलाच्या खालच्या भागात साधारण तीन-चार ओळी असतात. आधी सगळ्या पदार्थांची बेरीज, मग `S.C. 10%` किंवा `Svc Chrg` असं काहीतरी, मग `CGST 2.5%` आणि `SGST 2.5%`, आणि शेवटी `Round Off` आणि एकूण रक्कम. थर्मल कागदावर हे इतकं बारीक आणि फिकट छापलेलं असतं की `S.C.` आणि `SGST` दोन्ही लोकांना सारखंच वाटतं, आणि "एवढे टॅक्स आहेत बाबा" म्हणून पैसे देऊन मोकळे होतात.

सीजीएसटी आणि एसजीएसटी हे टॅक्स आहेत, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. ते पैसे सरकारकडे जातच नाहीत, हॉटेलने स्वतः ठरवलेली ती रक्कम असते आणि हॉटेलकडेच राहते. बरेच जण अजून याला सर्व्हिस टॅक्स समजतात कारण पूर्वी बिलावर तो खरंच असायचा, पण सर्व्हिस टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्यात विलीन झाला, आज कोणाच्या बिलावर "सर्व्हिस टॅक्स" लिहिलेलं दिसलं तर ते चूकच आहे.

बिलावर सर्व्हिस चार्ज हेच नाव असेल असंही नाही. स्टाफ वेल्फेअर, स्टाफ काँट्रिब्युशन असल्या नावांनी पण तो येतो. नाव काहीही असू दे, पदार्थ नाही, टॅक्स नाही आणि टक्क्यात लावलेली रक्कम आहे म्हणजे ती हीच.

दुसरी पायरी: जीएसटी नेमका कशावर लावलाय ते मोजा

इथे लोकांना सगळ्यात जास्त राग येतो, की आधी सर्व्हिस चार्ज आणि वर त्याच्यावरही जीएसटी, हे काय? तर टॅक्सच्या कायद्याने ते असंच आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये पुरवठ्याचं मूल्य कसं धरायचं ते दिलंय, आणि त्यात विक्रेत्याने त्या पुरवठ्यासाठी घेतलेले जोडखर्च पण मूल्यातच धरायचे असतात. म्हणजे हॉटेलने तुमच्याकडून सर्व्हिस चार्ज घेतला तर तो जेवणाच्या किमतीचाच भाग झाला आणि जेवणाला जो दर तोच त्याला. वेगळा दर नाही. मी अशी बिलं बघितलीत की जेवणावर ५ टक्के आणि सर्व्हिस चार्जवर वेगळा १८ टक्के लावलाय, "ही सर्व्हिस आहे ना" असं म्हणून, ते चुकीचं आहे.

आता एक साधं बिल घेऊ. पुण्यातलं एखादं रेस्टॉरंट, लॉजिंग वगैरे काही नाही, नुसतं जेवण. चार जण जेवले, पदार्थांची बेरीज १८४० रुपये.

```
जेवण                     १८४०.००
सर्व्हिस चार्ज १०%          १८४.००
बेरीज                    २०२४.००
सीजीएसटी २.५%             ५०.६०
एसजीएसटी २.५%             ५०.६०
एकूण                    २१२५.२०
```

हेच बिल सर्व्हिस चार्जशिवाय केलं तर १८४० वर ५ टक्के म्हणजे ९२ रुपये जीएसटी, एकूण १९३२. दोन्हीतला फरक १९३ रुपये २० पैसे. म्हणजे सर्व्हिस चार्ज दिसतो १८४ चा पण तुमच्या खिशातून जातात १९३.२०, कारण त्याच्यावरचा ९.२० जीएसटी पण तुम्हीच भरता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागणार आहे.

आणि हो, जेवून झाल्यावर तुम्ही आपणहून फोल्डरमध्ये वेटरदादांसाठी शंभरची नोट ठेवता ना, त्यावर जीएसटी नाही. ती टीप आहे, तुमच्या मनाने दिलेली, बिलात आलेलीच नाही. म्हणून मला स्वतःला विचाराल तर सर्व्हिस चार्ज काढायला लावा आणि टीप हातात द्या, ज्याने पाण्याच्या ग्लासापासून शेवटच्या बडीशेपेपर्यंत सगळं केलं त्याच्या हातात पूर्ण पैसे जातात.

बिलात बिअर वगैरे असेल तर दारूचा भाग वेगळा काढून बघा. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे दारूच्या रकमेवर सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला दिसला तर तिथेच थांबवा. सगळ्यात सोपं म्हणजे खाण्याचं आणि दारूचं बिल वेगळं मागायचं, बरीच परमिट रूम तशीही वेगळीच करतात.

तिसरी पायरी: सर्व्हिस चार्ज काढायला सांगा, पण पैसे देण्याआधी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, ४ जुलै २०२२ ला याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सरळ लिहिलंय की हॉटेल किंवा रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, दुसऱ्या नावाने पण घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं, तो दिला नाही म्हणून कोणाला आत येण्यापासून अडवायचं नाही, आणि जेवणाच्या बिलात मिळवून सगळ्या रकमेवर जीएसटी लावून वसूल करायचा नाही. हॉटेल-रेस्टॉरंटच्या संघटना याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, सुरुवातीला स्थगिती पण मिळाली होती, पण २८ मार्च २०२५ ला हायकोर्टाने सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. संघटना पुढे अपिलात गेल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण काउंटरवर वाद इथेच अडकतो. "सर्व्हिस चार्जवर जीएसटी घ्यावा लागतो, कायदा आहे" हे मॅनेजरचं म्हणणं टॅक्सपुरतं खरं आहे, घेतलाच तर त्यावर टॅक्स आहे. पण मुळात तो तुमच्यावर लादता येतो का हा प्रश्न ग्राहक कायद्याचा आहे, आणि त्याचं उत्तर नाही असं आहे. जीएसटी लावलाय म्हणून सर्व्हिस चार्ज सक्तीचा होत नाही.

तर करायचं काय, बिल टेबलवर आलं की कार्ड किंवा यूपीआय काढायच्या आधी शांतपणे म्हणायचं, "दादा, हा सर्व्हिस चार्ज मला द्यायचा नाहीये, तो काढून नवीन बिल आणा." नवीन बिल हा शब्द महत्त्वाचा. कारण बऱ्याच ठिकाणी होतं असं की कॅशियर जुन्याच बिलावर पेनने १८४ वजा करून देतो, म्हणजे २१२५.२० वजा १८४, एकूण १९४१.२०. दिसायला काम झालं, पण मघाशी बघितलं ना की खरं बिल १९३२ होतं? ते ९.२० रुपये, म्हणजे काढून टाकलेल्या सर्व्हिस चार्जवरचा जीएसटी, तुमच्याकडून तसाच गेला. रक्कम छोटी आहे हो, पण ऑफिसच्या पार्टीचं चाळीस हजारांचं बिल असेल तर हाच फरक दोनशेचा होतो. म्हणून जुनं बिल रद्द करून सिस्टिममधून नवीन काढायला लावायचं, आणि नव्या बिलात सर्व्हिस चार्ज शून्य आणि जीएसटीच्या ओळी पण कमी झाल्यात का ते बघायचं.

पैसे दिल्यानंतर पण मागता येतं, पण तेव्हा हॉटेलला क्रेडिट नोट काढावी लागते, रिफंड करावा लागतो, आणि तुम्ही दरवाजात अर्धा तास उभे.

चौथी पायरी: ५ टक्के की १८, हे कुठून ठरतं

साध्या रेस्टॉरंटला, एसी असो नसो, जीएसटी ५ टक्के. हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्यामुळे "एसी सेक्शन म्हणून १८ टक्के" असं कोणी सांगितलं तर मानू नका. एसी हॉलचे पदार्थांचे रेट वेगळे असू शकतात, टॅक्सचा दर वेगळा नाही.

१८ टक्के लागतो तो ठरावीक हॉटेलांच्या आत असलेल्या रेस्टॉरंटला. नियम असा, की ज्या हॉटेलमध्ये मागच्या आर्थिक वर्षात एखादी तरी खोली एका दिवसाला ७५०० रुपयांच्या वर विकली गेली, ते हॉटेल `Specified Premises` धरलं जातं आणि तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. किंवा हॉटेलने आपणहून तसं डिक्लेरेशन दिलं असेल तरी. हे १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे, त्याआधी हॉटेलने जाहीर केलेल्या टॅरिफवर ठरायचं, आता प्रत्यक्षात किती रुपयाला खोली गेली त्यावर ठरतं. मघाचंच १८४० चं जेवण अशा हॉटेलात जेवलात तर सर्व्हिस चार्ज नसताना २१७१.२० आणि सर्व्हिस चार्ज धरून २३८८.३२ होतं, त्यामुळे अशा ठिकाणी सर्व्हिस चार्ज काढला तर वाचतात पण जास्त, २१७ रुपये.

तिसरा प्रकार कंपोझिशनवाल्यांचा, छोटी खानावळ, टपरीवजा हॉटेल वगैरे. हे लोक सरकारला उलाढालीवर टॅक्स भरतात पण ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत, त्यांच्या बिलावर तशी ओळ पण छापलेली असावी लागते. शंका आली तर बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर घ्या (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने), `gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये `Search by GSTIN/UIN` निवडा आणि टाका. `Taxpayer Type` समोर `Composition` आलं आणि बिलात जीएसटी वेगळा लावलाय तर तो तुम्ही द्यायचा नाही. नंबरच छापलेला नसेल आणि तरी जीएसटी घेतला असेल तर तोही नाही.

पाचवी पायरी: खोलीचं बिल, आणि इथे मात्र खूप सावकाश वाचा

रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिस चार्जने शे-दोनशेचा फरक पडतो. खोलीच्या बिलात तोच सर्व्हिस चार्ज तुमचा टॅक्सचा स्लॅबच बदलू शकतो, आणि हे फार कमी लोकांना माहितीय. मला हा लेख लिहावासा वाटला तो खरं तर याच्यासाठी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोल्यांचे दर असे आहेत, एका खोलीचं एका दिवसाचं मूल्य ७५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, आणि ७५०० च्या वर गेलं तर १८ टक्के. आधी ७५०० पर्यंत १२ टक्के होता, तो गेला, आता कोणी १२ लावत असेल तर सॉफ्टवेअर अपडेट केलेलं नाही एवढंच. आणि लक्षात घ्या, १८ टक्के हा फक्त ७५०० च्या वरच्या रकमेवर नसतो, इन्कम टॅक्ससारखं टप्प्याटप्प्याने नाही हे. ७५०१ झाले की पूर्ण ७५०१ वर १८.

मोजायचं ते प्रत्येक खोलीचं आणि प्रत्येक दिवसाचं वेगळं. दोन खोल्या ४५०० च्या घेतल्या तर ९००० झाले म्हणून १८ टक्के, असं नाही, दोन्ही ५ टक्क्यातच. शुक्रवारी ६५०० आणि शनिवारी ८००० रेट असेल तर शुक्रवारला ५ आणि शनिवारला १८, सरासरी काढायची नाही. आणि ब्रेकफास्ट धरून एकच रेट असेल, ज्याला हॉटेलवाले सीपी प्लॅन म्हणतात, तर ती पूर्ण रक्कम खोलीचीच धरतात. एक्स्ट्रा बेडचे पैसे पण खोलीच्या मूल्यातच येतात.

आता प्रश्न, या ७५०० मध्ये सर्व्हिस चार्ज धरायचा का? स्लॅब ठरतो पुरवठ्याच्या मूल्यावर, आणि कलम १५ प्रमाणे सर्व्हिस चार्ज त्या मूल्यातच येतो हे आपण दुसऱ्या पायरीत बघितलं. म्हणजे धरायचा.

माझ्या मावसबहिणीचं झालं ते सांगते. ती, भावोजी आणि दोन मुलं, घाटावरच्या एका हॉटेलात दोन रात्री. फोनवर ठरलं होतं "७२०० प्लस टॅक्स", आणि भावोजींनी हिशेब केला होता की ७५०० च्या आत आहे, ५ टक्के लागेल, दोन रात्रींचे १५,१२० होतील. चेकआउटला बिल हातात आलं १८,६९१ रुपये २० पैशांचं. तिने रिसेप्शनवरूनच मला फोन केला, मागे मुलं बॅगांवर बसून भांडतायत ते ऐकू येत होतं. मी म्हटलं, फोटो पाठव आधी. फोटो आला, त्यात हे:

```
खोली ७२०० × २ रात्री      १४,४००.००
सर्व्हिस चार्ज १०%          १,४४०.००
बेरीज                   १५,८४०.००
जीएसटी १८%               २,८५१.२०
एकूण                   १८,६९१.२०
```

बघा काय झालं. एका रात्रीचे ७२०० अधिक ७२० सर्व्हिस चार्ज म्हणजे ७९२०, ७५०० ओलांडले, पूर्ण रकमेवर १८ टक्के. टॅक्सच्या दृष्टीने बिलात चूक नव्हती, चूक होती न विचारता लावलेल्या सर्व्हिस चार्जची. सर्व्हिस चार्ज होता १४४० चा पण त्याच्यामुळे तिला जादा पडत होते ३५७१.२०, म्हणजे सर्व्हिस चार्जपेक्षा त्याच्यामुळे वाढलेला टॅक्सच मोठा.

ती सर्व्हिस चार्ज नको म्हणाली. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टिममधूनच येतं." मग मॅनेजर आले, त्यांनी फार वाद न घालता काढला, आणि नवीन बिल दिलं १६,९९२ चं. तिला वाटलं झालं, पण तिने मला तोही फोटो पाठवला हे बरं केलं, कारण सर्व्हिस चार्ज गेला होता आणि १८ टक्के तसाच होता! १४,४०० वर २५९२ जीएसटी. सर्व्हिस चार्ज गेल्यावर एका रात्रीचं मूल्य परत ७२०० वर आलं, म्हणजे दर ५ टक्केच हवा, ७२० रुपये. मी फोनवरूनच मॅनेजरना हे सांगितलं, त्यांनी दोन मिनिटं कॉम्प्युटरवर बघितलं आणि तिसरं बिल काढलं, १५,१२० चं. तिसऱ्या बिलापर्यंत थांबली म्हणून, नाहीतर १८७२ रुपये गेलेच होते.

तर खोलीच्या बिलात सर्व्हिस चार्ज काढल्यावर टॅक्सची टक्केवारी पण परत बघायची, नुसती रक्कम नाही.

धोका नेमका कुठल्या रेटला आहे ते पण सांगते. सर्व्हिस चार्ज १० टक्के असेल तर ७५०० ला १.१० ने भागा, ६८१८ येतात. म्हणजे खोलीचा रेट साधारण ६८२० ते ७५०० च्या मध्ये असेल तर सर्व्हिस चार्ज लागला की स्लॅब बदलतोच. सर्व्हिस चार्ज ५ टक्के असेल तर हा पट्टा ७१४३ पासून सुरू होतो. खोली ६००० ची असेल तर ६६०० होतात, ५ टक्क्यातच राहता, तिथे फक्त सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचे ३० रुपये एवढाच प्रश्न. आणि खोली मुळातच ९००० ची असेल तर १८ टक्के तसाही आहे. मधल्या पट्ट्यातल्यांनी जपायचं.

सहावी पायरी: बुकिंग करतानाच विचारून ठेवा

"प्लस टॅक्स" या शब्दांवर कधीच थांबू नका. फोनवर बोलणं झालं तरी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका, "एका खोलीचे एका रात्रीचे सर्व मिळून, जीएसटी धरून किती, आणि सर्व्हिस चार्ज किंवा दुसरा कुठला चार्ज आहे का? असल्यास आम्हाला नको आहे." याचं उत्तर लेखी आलं की चेकआउटला तोच मेसेज दाखवायचा, बोलायचं काम उरत नाही. अ‍ॅपवरून बुक करत असाल तर `Taxes & Fees` असं एकत्र लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवून ते उघडा, त्यात हॉटेलचा जीएसटी किती आणि अ‍ॅपची स्वतःची फी किती ते वेगळं दिसतं. अ‍ॅपची कन्व्हिनियन्स फी आणि हॉटेलचा सर्व्हिस चार्ज या वेगळ्या गोष्टी आहेत, ती फी हॉटेलवाल्याला काढता येत नाही, उगाच त्याच्याशी भांडू नका.

दुसरं, निघायच्या आदल्या रात्री रिसेप्शनला जाऊन कच्चं बिल मागा, प्रोफॉर्मा म्हणतात त्याला. सकाळी दहा-अकराला सगळेच चेकआउट करतात, डेस्कवर रांग, बाहेर गाडी उभी, त्या घाईत कोणाचंच डोकं चालत नाही, तुमचं पण आणि त्यांचं पण. आदल्या रात्री टॅक्स इन्व्हॉइस निघालेलं नसतं त्यामुळे दुरुस्ती करणं त्यांना सोपं जातं, क्रेडिट नोटची भानगड नाही.

जे नवीन बिलिंगला लागलेत त्यांच्यासाठी

आता काउंटरच्या पलीकडच्या लोकांना. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रूम मास्टरला ७२०० टॅरिफ टाकलाय आणि टॅक्सचा स्लॅब त्या टॅरिफवरून निवडला जातोय का ते आधी बघा. तसं असेल तर सर्व्हिस चार्ज मिळवल्यावर बिल ७९२० चं होईल आणि सॉफ्टवेअर त्यावर ५ टक्केच लावेल, ३९६ रुपये, जेव्हा लागायला हवे १४२५.६०. ग्राहक खूश होऊन जाईल, पण असेसमेंटला ते १०२९.६० रुपये एका रात्रीचे, वर १८ टक्के व्याज, मालकाच्या खिशातून जाणार, कारण गेलेल्या ग्राहकाकडून तुम्ही मागायला जाऊ शकत नाही. एक टेस्ट बिल करून बघा, ७२०० ची खोली, १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि सिस्टिम काय दर पकडते ते. पाच मिनिटांचं काम आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट चौथ्या पायरीशी जोडलेली आहे आणि ती मी माझ्या प्रत्येक हॉटेलमालकाला सांगते. वर्षभरात एक जरी खोली एका रात्रीला ७५०० च्या वर गेली तर पुढच्या १ एप्रिलपासून वर्षभर तुमच्या रेस्टॉरंटला १८ टक्के. आता विचार करा, सगळं वर्ष तुम्ही साडेचार-पाच हजाराला खोल्या दिल्या, ३१ डिसेंबरला रेट ७००० केला, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, झाले ७७००. त्या एका रात्रीच्या सातशे रुपयांसाठी पुढचं अख्खं वर्ष तुमच्याकडे मासळीची थाळी खायला येणाऱ्या गावातल्या माणसाला पण ५ च्या ऐवजी १८ टक्के. शेजारच्या खानावळीत तीच थाळी ५ टक्क्यात मिळत असेल तर तो तुमच्याकडे कशाला येईल? म्हणून मी तर सांगते सर्व्हिस चार्ज बंदच करा, तेवढे पैसे हवे असतील तर रेटमध्येच धरा, ग्राहकाला आधीच दिसतात, आणि ७५०० च्या जवळचे रेट ठरवताना कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

ऐकलंच नाही तर

बहुतेक ठिकाणी शांतपणे मागितलं की काढतात, माझा अनुभव तरी तसाच आहे. नाहीच काढला तर पैसे भरून बिल नीट जपून ठेवा, आणि थर्मल कागदावरची शाई महिना-दोन महिन्यांत उडते म्हणून त्याच दिवशी फोटो काढा, त्यात हॉटेलचं नाव, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि सर्व्हिस चार्जची ओळ, सगळं स्पष्ट यायला हवं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा `consumerhelpline.gov.in` वर तक्रार नोंदवा. तिथे लिहिताना "जीएसटी जास्त लावला" असं मोघम लिहू नका, दोन ओळी वेगळ्या करा: सर्व्हिस चार्ज मागितलेला नसताना इतके रुपये लावले, काढायला सांगितल्यावर नकार दिला, आणि त्यामुळे जीएसटीचे इतके रुपये जादा गेले. परत हवी ती रक्कम दोन्ही मिळून लिहा, म्हणजे पुण्यातल्या आपल्या बिलात १८४ नाही, १९३.२०. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे पण तक्रार देता येते.

मावसबहिणीने तिन्ही बिलांचे फोटो ठेवलेत. परवा भावोजींच्या ऑफिसमधला एक जण सहकुटुंब फिरायला निघाला तर तिने आधी ते तीन फोटो त्याला पाठवले आणि खाली लिहिलं, तिसरं येईपर्यंत पैसे देऊ नको.